माझा हप्ता वाढवून घ्या: विमा कंपनीला खुलं पत्र

प्रति,
पॉलिसी सेवा विभागप्रमुख आणि तक्रार निवारण अधिकारी,
आयुर्विमा कंपनी, मुख्य कार्यालय

विषय: प्रपोजल फॉर्मवर जन्मतारीख चुकीची नोंदली गेल्यामुळे पॉलिसीचा हप्ता सुरुवातीच्या तारखेपासून नव्याने काढून मिळण्याबाबत

महोदय,

जून २०१९ मध्ये मी तुमच्याकडून ५० लाखांचा टर्म इन्शुरन्स घेतला. मुदत २९ वर्षं, हप्ता वर्षाला ७,२०० रुपये, जीएसटी वेगळा. आजवरचे सातही हप्ते वेळेत भरले आहेत. या पॉलिसीत माझी जन्मतारीख १८ मार्च १९८८ अशी आहे. माझी खरी जन्मतारीख १४ मार्च १९८४ आहे. म्हणजे पॉलिसी सुरू झाली तेव्हा मी ३५ वर्षांचा होतो आणि तुम्ही मला ३१ वर्षांचा धरून हप्ता लावला. तो ३५ वयाने पुन्हा काढा, मागचा फरक व्याजासकट माझ्याकडून घ्या आणि तसं पॉलिसीवर लेखी नोंदवून द्या, एवढीच माझी मागणी आहे. ही मागणी तुमच्या ब्रँचमध्ये कुणालाच नीट उमगली नाही आणि माझ्यासारखे पॉलिसीधारक महाराष्ट्रात आणखीही असणार, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहे.

आधी ही तारीख बदलली कशी ते सांगतो. वयाचा पुरावा म्हणून मी शाळा सोडल्याचा दाखला दिला होता. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेचा दाखला मराठीत आहे आणि त्यातले आकडेही मराठी आहेत. त्यावर जन्मतारीख १४/०३/१९८४ अशी निळ्या शाईत लिहिली आहे आणि तिच्याखाली 'अक्षरी' या रकान्यात 'चौदा मार्च एकोणीसशे चौऱ्याऐंशी' असं आहे. मराठी ४ वरून उघडा असतो, पण हाताने लिहिताना त्याची वरची दोन टोकं जवळ आली आणि वर झेरॉक्सची शाई पसरली, की तो हुबेहूब इंग्रजी आठासारखा दिसतो. माझ्या तारखेत ४ दोनदा येतो. एकदा चौदामध्ये आणि एकदा सालाच्या शेवटी. तुमच्या नोंदीत नेमके हेच दोन आकडे आठ झाले आहेत, बाकी एकही अंक हललेला नाही. चौदाचे अठरा झाले आणि चौऱ्याऐंशीचे अठ्ठ्याऐंशी. ज्याला मुद्दाम वय चोरायचं आहे, तो तारखेतला दिवस कशाला बदलेल? फॉर्म भरणाऱ्याने आकडा दिसला तसा टाइप केला आणि खालची अक्षरी ओळ वाचली नाही, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मला तरी सुचत नाही.

शिवाय खरी तारीख तुमच्या फाइलमध्ये पहिल्या दिवसापासून आहे. मी पॅन कार्डाची प्रत जोडली होती, तिच्यावर १९८४ आहे. तुम्हीच ठरवून दिलेल्या केंद्रात माझी मेडिकल झाली. तिथल्या डॉक्टरांनी रिपोर्टवर 'वय ३५' असं स्वतःच्या हाताने लिहिलं आहे. म्हणजे माझा प्रस्ताव मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्यासमोर दाखला, पॅन आणि मेडिकल रिपोर्ट असे तीन कागद होते. तिन्ही कागद एक सांगत होते आणि फॉर्म दुसरंच सांगत होता. तरीही पॉलिसी फॉर्मवरच्या तारखेने निघाली. अलीकडे पॉलिसी डिजिटल स्वरूपात ठेवण्यासाठी ई-विमा खात्यात टाकायला गेलो, तेव्हा पॅनवरची तारीख पॉलिसीशी जुळेना आणि अर्ज परत आला. त्यातून हे सगळं उघडकीला आलं.

लगेच ब्रँचमध्ये गेलो. तिथे मला तीन सल्ले मिळाले. ते देणारी माणसं वाईट नाहीत, पण तिन्ही सल्ले माझ्या घराला खड्ड्यात घालणारे आहेत. त्यांच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

पहिला सल्ला एजंटचा. "साहेब, तीन वर्षं होऊन गेली. आता कंपनी काहीसुद्धा करू शकत नाही. हप्ता कमी बसतोय तर बसू द्या, गप्प राहा." हे तीन वर्षांचं गणित गावोगाव सांगितलं जातं. विमा कायदा १९३८ चं कलम ४५ त्यामागे आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर या कलमानुसार पॉलिसीला तीन वर्षं पूर्ण झाली, की कंपनीला ती कोणत्याही कारणाने वादात ओढता येत नाही. ही गोष्ट खरी आहे आणि पॉलिसीधारकाला तिचा मोठा आधारही आहे. पण त्याच कलमाचं पाचवं पोटकलम कुणी वाचत नाही. त्यात म्हटलं आहे, की कंपनीला अधिकार असेल तर ती वयाचा पुरावा केव्हाही मागू शकते, आणि प्रस्तावात सांगितलेलं वय चुकीचं होतं हे नंतर पुराव्याने दिसलं म्हणून पॉलिसीच्या अटी त्या वयाप्रमाणे जुळवून घेतल्या, तर त्याला पॉलिसी वादात ओढणं म्हणता येणार नाही. सोप्या भाषेत सांगायचं, तर तीन वर्षांनंतर वयासाठी माझी पॉलिसी रद्द करता येत नाही, पण वयाचा हिशेब मात्र तुम्ही कधीही करू शकता. दहाव्या वर्षी करू शकता, पंचविसाव्या वर्षी करू शकता आणि मी गेल्यानंतर क्लेमच्या टेबलावरही करू शकता.

तो हिशेब त्या टेबलावर झाला तर काय होईल, हे मी माझ्याच पॉलिसीवर मांडून पाहिलं. योजनेच्या त्या वेळच्या माहितीपत्रकातल्या दरांवरून ३५ वर्षं वय आणि २९ वर्षं मुदतीला माझा हप्ता ९,६०० रुपयांच्या आसपास बसतो. पक्का आकडा हप्त्याचं गणित करणाऱ्या तुमच्या ॲक्च्युअरी विभागाने काढावा, मी इथे ९,६०० धरून चालतो. माझ्या बॉण्डमधलं वयाचं कलम सांगतं, की खरं वय जास्त निघालं तर कंपनी एक तर हप्त्यातला फरक व्याजासह वसूल करेल किंवा भरलेल्या हप्त्यात खऱ्या वयाला जेवढा विमा मिळाला असता तेवढीच रक्कम देईल. दुसरा मार्ग धरला तर गणित असं येतं: ९,६०० रुपयांना ५० लाख, तर ७,२०० रुपयांना साडेसदतीस लाख. माझ्या बायकोच्या हातात साडेबारा लाख रुपये कमी येतील, आणि तेही वर्षाला २,४०० रुपयांच्या फरकापायी. त्या वेळी तिच्याजवळ दाखल्याची मूळ प्रत असेल, नसेल. मेडिकल रिपोर्टवर डॉक्टरांनी काय लिहिलं होतं, हे तिला ठाऊकही नसेल. क्लेमच्या कागदांबरोबर ती माझा दाखला किंवा आधार जोडेल, तुमचा माणूस सवयीप्रमाणे दोन्हीकडच्या तारखा ताडून पाहील आणि तिच्या हाती 'वयाच्या तफावतीमुळे रक्कम समायोजित' असं एक पत्र पडेल. ते पत्र चूक आहे की बरोबर, हे तिने कुणाला विचारायचं?

आता आज फरक भरायचा तर किती येतो ते पाहा. सात हप्त्यांचा २,४०० रुपयांप्रमाणे फरक १६,८०० रुपये. प्रत्येक फरकावर तो ज्या जूनमध्ये देय होता तेव्हापासून जून २०२६ पर्यंत दरसाल ९ टक्के चक्रवाढ व्याज धरलं, तर सगळे मिळून साधारण २४,००० रुपये होतात. व्याजाचा तुमचा दर वेगळा असेल, तर हजार दोन हजार इकडेतिकडे. हे पैसे मी एकरकमी भरायला तयार आहे. चोवीस हजार आज देऊन साडेबारा लाखांचा खड्डा बुजत असेल, तर "गप्प राहा" हा सल्ला मी कसा मानू?

दुसरा सल्ला काउंटरवरच्या ताईंचा. "ही पॉलिसी बंद करा आणि बरोबर तारखेने नवीन घ्या, म्हणजे कटकटच मिटेल." कटकट तुमची मिटेल. नवी पॉलिसी आजच्या वयाने निघेल. मी आता ४२ वर्षांचा आहे. ३५ आणि ४२ या वयांच्या दरांत केवढी तफावत असते, हे तुम्हाला सांगायला नको. नव्याने मेडिकल होईल आणि सात वर्षांत रक्तदाब किंवा साखर थोडी जरी वर गेली असेल, तरी जादा हप्ता लागेल किंवा प्रस्ताव नाकारलाही जाईल. सगळ्यात मोठं नुकसान कलम ४५ चं. जुन्या पॉलिसीची तीन वर्षं केव्हाच पूर्ण झाली आहेत. नवी घेतली, की ती तीन वर्षं पहिल्यापासून मोजायची आणि तेवढा काळ माझ्या घरच्यांना पुन्हा टांगणीला लावायचं. म्हणून माझी मागणी नेमक्या शब्दांत लिहून ठेवतो: हप्ता पुन्हा काढायचा तो जून २०१९ ला माझं जे खरं वय होतं त्या वयाने, आणि त्या वेळी या योजनेला लागू असलेल्या दरपत्रकाने. आजच्या वयाने नाही आणि आजच्या दरानेही नाही. ही जुन्या कराराची दुरुस्ती आहे, नवा करार नव्हे.

तिसरा सल्ला म्हणजे तुमच्या कस्टमर केअरने केलेलं काम. त्यांना मी पॅन आणि दाखला पाठवला. काही दिवसांतच 'आपली विनंती पूर्ण झाली' असा मेसेज आला. ॲप उघडलं तर माझ्या नावाखाली १४ मार्च १९८४ दिसत होतं. बरं वाटलं. मग पॉलिसीचं पान उघडलं. तिथे 'प्रवेशाच्या वेळी वय ३१' तसंच होतं आणि पुढच्या हप्त्याची रक्कमही ७,२०० च होती. म्हणजे त्यांनी ग्राहकाच्या माहितीतली तारीख बदलली आणि पॉलिसीला हातही लावला नाही. ज्यांनी ज्यांनी अशी दुरुस्ती करून घेतली आहे, त्या सगळ्यांनी हा फरक एकदा तपासून पाहावा. फोन नंबर किंवा पत्ता बदलतात त्याच खिडकीतून जन्मतारीखही बदलून मिळते, पण त्याने करार बदलत नाही. कराराचा भाग असतो तो पॉलिसीचा बॉण्ड आणि त्याला जोडलेलं एंडॉर्समेंट, म्हणजे बदलाची कंपनीने दिलेली लेखी नोंद. त्यावर खरी जन्मतारीख, सुधारलेलं वय, सुधारलेला हप्ता, तो कोणत्या तारखेपासून लागू आणि विमा रक्कम पूर्वीइतकीच कायम, हे सगळं छापून आलं पाहिजे. माझी परिस्थिती तर आधीपेक्षा बिकट झाली आहे. खरं वय तुम्हाला कळल्याची नोंद आता तुमच्याच सिस्टिममध्ये आहे आणि तरी हप्ता जुन्या वयाने घेणं चालू आहे.

काही तांत्रिक शंका तुमच्याकडून येतील, त्यांची उत्तरं आताच देऊन ठेवतो.

मुदतीबद्दल. ३१ अधिक २९ म्हणजे ६०, या हिशेबाने एजंटने मुदत निवडली होती. खऱ्या वयाने पॉलिसी संपताना मी ६४ वर्षांचा असेन. या योजनेत विमा ७५ व्या वर्षापर्यंत मिळतो आणि ३५ व्या वर्षी प्रवेशही मिळत होता. त्यामुळे खऱ्या वयाला ही पॉलिसी मिळालीच नसती, असा प्रश्न येत नाही. तसं असतं तर गोष्ट वेगळी होती, कारण वयोमर्यादेबाहेरच्या माणसाची पॉलिसी मोडूही शकते. इथे मुदत आहे तशी ठेवा, जून २०४८ पर्यंत. त्यामुळे हप्ता वाढतो हे मला ठाऊक आहे आणि वर मांडलेल्या गणितात ते धरलेलं आहे.

वय मोजण्याच्या पद्धतीबद्दल. काही योजनांत पूर्ण झालेलं वय धरतात, काहींत लगतच्या वाढदिवसाचं. मार्चमध्ये जन्म आणि जूनमध्ये पॉलिसी, म्हणून दोन्ही रीतींनी माझं वय ३५ च येतं. माझा जन्म ऑक्टोबरचा असता, तर लगतच्या वाढदिवसाच्या रीतीने एक वर्ष जास्त धरलं गेलं असतं. दुसऱ्या कुणाच्या प्रकरणात हा मुद्दा येईल, तेव्हा कोणती रीत वापरली हे त्याला हिशेबाच्या कागदावर लिहून द्या.

मेडिकलबद्दल. ३५ वर्षांच्या माणसाला ५० लाखांसाठी ज्या तपासण्या लागतात, त्यात तेव्हा काही राहून गेलं असं तुमचं म्हणणं असेल, तर नेमकी कोणती तपासणी राहिली ते लिहा. माझी तपासणी डॉक्टरांनी ३५ वय समजूनच केली होती, हे त्यांच्या अक्षरात आहे.

पुराव्याबद्दल. ब्रँचने माझ्याकडे फक्त आधार मागितलं. आधार आहे, देतो. पण आधारवरची तारीख हा जन्मतारखेचा पुरावा नाही, हे आधार देणाऱ्या प्राधिकरणानेच सांगितलं आहे, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही एका अपघात भरपाईच्या प्रकरणात आधारऐवजी शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून वय ठरवणं योग्य मानलं. म्हणून नोंद दाखल्याच्या आधारे करा आणि पॉलिसीवर 'वय मान्य' असं स्पष्ट लिहा. ते शब्द एकदा आले, की क्लेमच्या वेळी वयाचा पुरावा पुन्हा मागायचं कारण उरत नाही.

कराबद्दल एकच ओळ. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटी नाही, पण माझा मागचा फरक त्याआधीच्या हप्त्यांचा आहे. त्यावर कर लावणार असाल, तर तो आणि व्याज वेगवेगळ्या रकान्यांत दाखवा.

आता इतरांबद्दल थोडं. मराठी चाराचा इंग्रजी आठ होतो तेव्हा साल पुढेच सरकतं, मागे कधीच येत नाही. १९७४ चं १९७८ होतं, १९८४ चं १९८८ होतं. माणूस दर वेळी तरुणच होतो आणि त्याचा हप्ता दर वेळी कमीच लागतो. ज्याचं वय चुकून जास्त लागतं, तो जादा हप्ता बघून आज ना उद्या तुमच्या दारात येतो, कारण त्याला त्याचे पैसे परत हवे असतात. ज्याचं वय कमी लागतं, त्याला काही खुपतच नाही. म्हणून या चुका तक्रारींत दिसत नाहीत, त्या क्लेममध्ये दिसतात. हे तुमच्या हातात आहे. ज्या फायलींत वयाचा पुरावा म्हणून मराठी किंवा हिंदी दाखला लागला आहे, तिथली नोंदलेली तारीख पॅनवरच्या तारखेशी ताडून पाहायला तुमच्या सिस्टिमला फार वेळ लागणार नाही. केवायसीसाठी पॅन तुम्ही जमा केलेलेच आहेत. जिथे दोन तारखा जुळत नाहीत, तिथे माणूस हयात असताना त्याला पत्र पाठवा. आणि यापुढे दाखल्यावरची अक्षरी ओळ वाचल्याशिवाय जन्मतारीख कायम करायची नाही, असा नियम फॉर्म भरणाऱ्यांना घालून द्या. दाखल्यात तो रकाना असतोच मुळी आकड्यांचा घोळ टाळण्यासाठी.

या पत्राची प्रत, दाखला, पॅन, बॉण्डचं पहिलं पान, ॲपमधल्या दोन परस्परविरोधी नोंदींचे स्क्रीनशॉट आणि ई-विमा खात्याचा परत आलेला अर्ज असे सगळे कागद तक्रार निवारण अधिकाऱ्यांकडे रीतसर पोचवले आहेत आणि पोच घेतली आहे. मेडिकल रिपोर्टची प्रत तुमच्याकडे आहे, तिची एक प्रत मलाही द्यावी. तुमच्याकडून मला तीन गोष्टी लेखी हव्या आहेत: सुधारलेल्या हप्त्याचा वर्षवार हिशेब, फरकाची व्याजासह एकूण रक्कम आणि ती कुठे भरायची त्याचा तपशील, आणि पैसे भरल्यावर एंडॉर्समेंट किती दिवसांत मिळेल त्याची तारीख. जून २०२६ चा हप्ता मला सुधारलेल्या दरानेच भरायचा आहे. तोवर तुमचा हिशेब आला नाही, तर पॉलिसी चालू राहावी म्हणून ७,२०० रुपये भरेन आणि सोबत 'फरक भरण्याची तयारी असून कंपनीच्या हिशेबाची वाट पाहत आहे' असं पत्र देऊन त्याचीही पोच घेईन.

महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पुन्हा नवी पॉलिसी घेण्याचा सल्ला आला, तर विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार नोंदवून पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाईन. तिथे मागणार ते हेच, की माझ्याकडून योग्य हप्ता घ्या आणि ५० लाखांचा शब्द कागदावर कायम करा.

कळावे,
आपला पॉलिसीधारक,
कोल्हापूर

ता. क. माझ्या बायकोचं नाव पॉलिसीवर नॉमिनी म्हणून आहे. उत्तराची एक प्रत तिच्या नावाने आमच्या घरच्या पत्त्यावर पाठवावी.